खसखशीच्या फुलात भरलेली चांदी

अब्दुल सत्तार वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तो तसा वाटेल, आणि त्याला स्वतःला तर मरेपर्यंत तसंच वाटत राहिलं.

अमरावतीच्या जुन्या वस्तीत त्याचा एक ओटा होता. ओट्यावर चटई, एक हातोडी, पाच-सहा छिन्न्या, नवसागराची पुडी आणि एका डब्यात बिदरहून आणवलेली माती, एवढाच संसार. बिदरी काम हा त्याचा पिढीजात धंदा. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, त्यावर बारीक नक्षी कोरायची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवायचा आणि मग त्या मातीत नवसागर कालवून सगळं भांडं घासायचं. धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी मात्र पांढरी राहते. बाप एलिचपुरात नवाबाच्या पदरी हे काम करी. नवाबी गेली, पदर गेला, आणि बाप लेकाचा हात धरून अमरावतीच्या बाजारात आला. येताना स्वतःच्या हातचा एक हुक्का तेवढा बरोबर आणला.

नवीन भांडी घ्यायला तेव्हा कोणी उभं राहत नसे. जुनी विकायला मात्र रांग असे. नवाबाच्या चाकरीतली घरं एकेक करून बसत चालली होती, आणि बसणाऱ्या घरातून पहिल्यांदा बाहेर पडे तो हुक्का. साहेब लोकांनी हुक्का सोडून चिरूट धरला होता, त्यांच्या मागे लागलेल्या नोकरदारांनीही तेच केलं. ज्याची हौस गेली त्याचा भाव काय असणार? वस्तूला किंमत नव्हती, किंमत होती तिच्यातल्या चांदीला. बाप बसून छिन्नीनं चांदी उकरून काढी, तोळ्यावर विकी, आणि उरलेलं काळं भांडं कासाराकडे वितळायला जाई. चार रुपये, फार तर पाच. असे किती हुक्के बापाच्या हातून मेले, ते बापानं कधी मोजलं नाही.

सत्तारनं मात्र मोजले होते, मेलेले नव्हेत, उरलेले. एलिचपुरात एका जुन्या कारागिरानं आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या बापानं खसखशीच्या फुलांचे हुक्के घडवले होते. खालच्या गोल भांड्यावर चहूकडून झुकलेली फुलं, देठ इतका बारीक की डोळा लावून पाहावा. तसली तेवीस भांडी उरली आहेत आणि कोणतं कोणाच्या घरात आहे, हे सत्तारला तोंडपाठ होतं. त्यातलंच एक बापानं बरोबर आणलेलं, आणि एक जैनबबीच्या घरी होतं.

जैनबबी म्हणजे सत्तारच्या आईची मैत्रीण. एलिचपुरातली शेजारीण, आणि त्याच्यासारखीच नशीब आजमावायला अमरावतीला आलेली. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. लोकांच्या कुडत्यांवर कशिदा काढून ती पोट भरी, आणि उरलेला पैसा एका मडक्यात टाकी. मडकं कशासाठी आहे हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. तिला हजला जायचं होतं. बाईला एकटीनं जाता येत नाही, रक्ताचा पुरुष सोबत लागतो. तिचा थोरला भाऊ जायला तयार होता, पण तो सत्तरीला आलेला आणि दम्यानं गांजलेला. जायचं तर तो चालता-फिरता आहे तोवर.

आणि अशात कापसाचं सोनं झालं.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी डोळे फुटले. गाड्याच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात येऊन उभ्या राहू लागल्या. काल ज्याच्या अंगावर धड सदरा नव्हता तो आज बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागला. पैसा आला, की माणसाला पहिल्यांदा काय हवं असतं? आपण कालचे नाही, परवाचेही नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहोत, असं दिसायला हवं असतं. एका पाटलानं बैठकीत जुना नवाबी हुक्का ठेवला. दुसऱ्या पाटलानं तो पाहिला. झालं. त्या वर्षी ज्याच्या बैठकीत बिदरी हुक्का नाही, त्याच्या घरी सोयरीक जोडायला लोक कचरू लागले, असं म्हटलं तरी फार खोटं होणार नाही.

चार रुपयांचा हुक्का पंधराला गेला, पंधराचा चाळीसला. सत्तारच्या ओट्यापुढे जोडे काढायला जागा पुरेना. तो एलिचपूरला जाई, घराघरांतून हुक्के जांगड आणी आणि इकडे विकी. जांगड म्हणजे मालकानं वस्तू विश्वासावर द्यायची, आपला भाव सांगायचा. विकली तर तेवढा भाव मालकाचा, त्यावर जे मिळेल ते दलालाचं. नाही विकली तर वस्तू जशी नेली तशी परत. लिहिणं नाही, सही नाही. जशी नेली तशी, यावरच सगळा धंदा उभा.

पण पाटील लोकांची एक तक्रार असे. जुन्या हुक्क्यावरची चांदी हाताळून हाताळून झिजलेली असायची. कुठे पाकळीच निघून गेलेली, कुठे नुसती रिकामी खाच.

"हे काय टकलं फूल!" ते म्हणत. "चांदी दिसत नाई, त्याले पैसे कायचे?"

सत्तारच्या हातात हुन्नर होतं. त्यानं एका हुक्क्याच्या खाचा पुन्हा खोल केल्या, रुंद केल्या, जाड चांदी ठोकली, माती लावून नवा काळा रंग चढवला. भांडं असं झळकू लागलं की पाटलानं चाळीसाचे साठ मोजले. मग सत्तारनं मागे वळून पाहिलं नाही. येईल तो हुक्का भरायचा आणि विकायचा. जुना बारीक देठ जाड चांदीखाली गडप होई, आणि एकदा रुंद केलेली खाच पुन्हा बारीक होत नसते, हे त्याला कळत होतं. बापानं पाहिलं असतं तर हातोडी फेकून मारली असती, हेही कळत होतं. पण ज्याला घ्यायचं आहे त्याला हेच आवडतं, मग आपण कोण? असं तो स्वतःला सांगे. आणि घेणारे खरोखरच खूश होते.

दिवाळी होऊन कापूस बाजारात आला तेव्हा एके दिवशी जैनबबी फडक्यात गुंडाळलेलं भांडं घेऊन ओट्यावर आली.

"सत्तार, हे घे. जांगड," ती म्हणाली. "मले साठ पाह्यजेत. मडक्यातले आनि हे साठ मिळून दोघाचं भाडं होते. रमजानची ईद झाली का निघतो."

"खाला, साठ म्हनजे काईच नाई. आरामात येतील."

"वर येतील ते तुह्ये. मले साठच दे." मग तिनं फडकं सोडलं आणि भांड्यावरून एकदा हात फिरवला. "माह्या अम्मीच्या लग्नातला हाय. सांभाळून ठेव, बाबा."

चांदी बरीच झिजलेली होती. पण देठ! सत्तारनं बाकीचे बावीस पाहिले होते, त्यांत असा देठ नव्हता. त्यानं भांडं कितीतरी वेळ हातात फिरवलं आणि मनाशी ठरवलं की याला छिन्नी लावायची नाही.

तिसऱ्या दिवशी खुशालराव आला. अमरावतीपासून दोन कोसांवरच्या गावचा पाटील, दोनशे एकरांत कापूस, आणि मुलाच्या लग्नाची तयारी चाललेली. त्यानं जैनबबीचं भांडं उचललं, नाक मुरडलं आणि खाली ठेवलं.

"साठ देतो बाप्पा, पन मले मजा नाई वाटून राह्यली. चांदी भरून देशीन तर शंभर. वऱ्हाडी मंडळीच्या डोयात भरलं पाह्यजे. फागुनात लग्न हाय, तवा येऊन घेऊन जाईन."

साठ तिथल्या तिथे मिळत होते. सत्तारनं "घेऊन जा पाटील" एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी हजला गेली असती आणि ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. पण शंभरातले साठ गेले की चाळीस उरतात, आणि ते चाळीस दलालाचे. त्या वर्षी सगळ्या अमरावतीच्या डोक्यात जे शिरलं होतं, तेच सत्तारच्याही शिरलं. आज शंभर म्हणतो, तर फाल्गुनापर्यंत सव्वाशे म्हणेल. जैनबबीला विचारायला चार घरं ओलांडून जायचं होतं. तो गेला नाही. ती नाही म्हणाली असती, हे ठाऊक असल्यामुळेच गेला नाही.

आठ दिवस बसून त्यानं भांडं भरलं. काम उत्तम झालं. खाचा खोल गेल्या, फुलं टपोरी झाली, देठ करंगळीच्या नखाएवढा रुंद झाला.

फाल्गुन यायच्या आधीच मुंबईहून बातम्या यायला लागल्या. तिकडची लढाई आटोपत आली, विलायतेतला कापूस उतरला. अडते बोलेनासे झाले, गाड्या दोन-दोन दिवस बाजारात नुसत्या उभ्या. खुशालराव ओट्यावर आला, पण खाली बसला नाही.

"लग्न साध्यातच उरकून राह्यलो," तो म्हणाला. "हुक्क्याचं आता राहू द्या."

"शंभर नाई तर साठ द्या पाटील."

"वीसनं काल माह्या साळ्यानं आपला विकला. झळकता. मी साठ कावून देऊ?"

खरंच होतं ते. ज्या बैठकांत हुक्के ऐटीत बसले होते, तिथून ते सगळे एकदम बाजारात उतरले. घेणारे तेच होते, तेच आता विकणारे झाले, आणि दुसरा घेणारा नव्हताच. वीसचे बारा झाले, बाराचे आठ. चैत्रात तर लोक पुन्हा चांदी तोळ्यावर विचारू लागले.

जैनबबीला सत्तारनं सांगितलं, "खाला, बजार बसला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळं गाव हेच बोलत होतं. शेठजी बसले, पाटील बसले, तिथे एका म्हातारीचा हुक्का कोण विचारतो! ती म्हणाली, "अल्लाची मर्जी. बजार उठीन तवा पाहू. तुह्याजवळच राहू दे." आणि तिनं त्याला उलट धीर दिला की तूही बिचारा अडचणीत आला असशील. सत्तारनं मान खाली घालून ऐकून घेतलं. वस्तू परत मागितली असती तर भरलेलं भांडंच पुढे ठेवावं लागलं असतं. ती परत मागत नाही याचंच त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

तीन वर्षं अशीच गेली. दर ईदला ती विचारी, "उठला का रे बजार?" तो म्हणे, "अजून नाई, खाला." भावाचा दमा वाढत चालला होता. आधी तो मशिदीपर्यंत चालत येई, मग काठी आली, मग वाटेत दोनदा बसावं लागू लागलं. सत्तार त्याला येताना पाही आणि छिन्न्यांना धार लावायचं निमित्त करून मान खाली घाली. साठ रुपये आपल्या पदरचे द्यावेत असं त्याच्या मनात शंभरदा आलं. पण पडत्या बाजारात त्याचं स्वतःचंच पोट कसंबसं भरत होतं.

मग अकोल्यावरून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली, आणि गाडीबरोबर एक साहेब आला. पूल बांधणारा इंजिनेर. या माणसाला जुन्या वस्तूंचं वेड. त्याच्याच जोडीचे आणखी दोघे-तिघे होते, एक नागपुरात, दोन मुंबईला. ते एकमेकांना पत्रं लिहीत, एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याला हवंच असे. नागपूरच्या प्रदर्शनात त्यांनी म्हणे बिदरी पाहिली आणि तेव्हापासून एलिचपुरी काम शोधत होते. साहेब हुक्का ओढत नव्हता. तो कपाटात ठेवत होता. पंचवीसला एक घेतला, पुढचा पन्नासला. मग मुंबईच्या साहेबाची चिठ्ठी आली आणि भाव शंभरावर गेला. ही बातमी अमरावतीला आली तेव्हा लोकांना हसूच आलं. कापूस पडलेला, आणि हुक्का चढतोय!

सत्तार दोन भांडी घेऊन बडनेऱ्याला गाडीत बसला. एक जैनबबीचं, आणि एक बापाचं. बापाचं भांडं त्यानं कधी विकायला काढलं नव्हतं, म्हणून त्याला कधी छिन्नीही लागली नव्हती.

अकोल्याला साहेबाच्या बंगल्याच्या ओसरीत भगवंतराव म्हणून एक कारकून बसे. वस्तू पारखणं त्याच्याकडे असे. सत्तारनं आधी जैनबबीचं भांडं पुढे केलं. वाटलं, चालून गेलं तर जाईल.

भगवंतरावानं ते उन्हात धरलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हे भरलेलं हाय," तो म्हणाला. "साहेबाले असं चालत नाई. रोज दोन येतात, रोज परत धाडतो. सगळ्या वऱ्हाडातले हुक्के कोन्या अकलेच्या कांद्यानं भरून ठेवले, कोनास ठाऊक. पाहा ना, खालचा देठ काय सुरेख असीन! मारून टाकला. तुमाले मालूम हाय का, कोनाचं काम हाय हे?"

सत्तारनं भांडं ओढून घेऊन फडक्यात गुंडाळलं.

"असीन कोनी कारागीर," तो म्हणाला.

स्वतःच्या हाताला त्यानं त्या ओसरीत नाकारलं. बिदरी करणाऱ्याला हात सोडून दुसरं असतं काय? मग त्यानं बापाचं भांडं काढलं. त्यावरची चांदीही झिजलेली, दोन पाकळ्या गेलेल्या, काळा रंग ठिकठिकाणी राखाडी पडलेला. भगवंतराव उठून उभा राहिला. आत गेला, साहेबाला घेऊन आला. साहेबानं भांडं हातात घेतलं, झिजलेल्या पाकळीवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी बोलला.

"साहेब म्हनतात, एकशे ऐंशी," भगवंतराव म्हणाला. "असे आता किती राह्यले असतील?"

"तीन-चार," सत्तार म्हणाला. त्याच्याइतका नेमका आकडा दुसऱ्या कोणाला देता आला नसता. तेविसांतले एकोणीस त्यानंच भरले होते.

परतीच्या गाडीत एकशे ऐंशी रुपये कमरेला बांधून तो बसला होता आणि त्यानं ठरवून टाकलं होतं. हे सगळे जैनबबीचे. एक रुपयाही ठेवायचा नाही. तुमचा हुक्का विकला, एवढंच सांगायचं. म्हातारी साठाच्या जागी एकशे ऐंशी घेऊन हजला जाईल, भावाला डोलीत बसवून नेईल. बापाची वस्तू गेली ती गेली. यात कोणाचं नुकसान झालं? तो मनाशी हिशेब मांडत होता आणि बडनेरा येईपर्यंत त्याला जवळजवळ चांगलं वाटू लागलं होतं. लाज वाटायची थांबली की माणूस किती पटकन स्वतःच्या पाठीवर थाप मारायला लागतो!

स्टेशनावरून तो थेट तिच्या घरी गेला. ती अंगणात बाजेवर बसून कशिदा काढत होती. भाऊ आत खोकत होता. सत्तारनं पैशांची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"खाला, बजार उठला. एकशे ऐंशी."

तिचा विश्वासच बसेना. तिनं पिशवी चाचपली, आत भावाला हाक मारून सांगितलं, सत्तारच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग साधं कुतूहल म्हणून विचारलं, "पन येवढे कसे रे? तीन साल कोनी फुकट घेईना. आता काय झालं?"

धंद्याचं बोलायला सत्तारला नेहमीच आवडे. तो बोलत गेला.

"पाटील लोकाले झळकतं पाह्यजे होतं, खाला. ते गेले, त्यायच्यासंगं त्यो शौक गेला. आता साहेब लोक घेऊन राह्यले. त्यायले झिजलेलंच पाह्यजे. हात न लागलेलं. आनि तसं आता राह्यलंच नाई कुठं. तीन-चार फक्त. मनून भाव."

"काहून? पह्यले तर घरोघर होते."

"भरले ना सगळे. चांदी भरली. भरलेल्याले साहेब हात नाई लावत."

"कोनं भरले?"

सत्तारनं पिशवीची गाठ उगाच सारखी केली.

"तूच भरत होता ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून काहीच नव्हतं, ती नुसती आठवत होती. "तुह्या वट्ट्यावर ठकठक चाले, मी ऐकत होती. मंग माहा कसा राह्यला?"

आतला खोकला थांबला होता. अंगणात कोंबडी माती उकरत होती. सत्तारनं तोंड उघडलं, आणि "तुमचा मी ठेवला होता" असं म्हणायला जीभ वळेना. त्यानं खांद्यावरच्या झोळीतून तिचं भांडं काढलं आणि बाजेवर ठेवलं. ते उन्हात लखलखलं.

जैनबबीनं ते ओळखलं नाही. तिनं उलटं करून बुडाला असलेला जुना पोचा पाहिला, तेव्हा तिला कळलं. तिनं फुलांवरून बोट फिरवलं. तिच्या आईच्या, तिच्या हातांनी जी चांदी साठ वर्षं झिजवली होती ती कुठेच नव्हती.

"मंग हे पैसे कायचे?"

"अब्बाचा विकला," सत्तार म्हणाला. "हे तुमचेच हायेत, खाला. सगळे. म्या तुमाले न विचारता भरला. मले चाळीस जास्तीचे पाह्यजे होते. पाटील साठ देऊन राह्यला होता, त्याच दिवशी. म्या नाई घेतले."

हे शेवटचं वाक्य त्याला सांगायचं नव्हतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर ते आपोआप बाहेर पडलं. तीन ईदा ती मनात मोजत असावी, नाहीतर तिला भावाची काठी आठवत असावी.

"तुह्या बापाचा एकशे ऐंशीले गेला," ती हळूहळू म्हणाली, "कारन माहा मेला. माहा आनि बाकीचे. माहा असाच असता, सगळ्याचे असेच असते, तर त्याले इतके आले असते का?"

"नाई."

"किती आले असते?"

तो पारखी होता. खोटं सांगता आलं नाही. "पन्नास. साठ."

तिनं पिशवी सोडली. एकेक रुपया वाजवून साठ मोजले आणि ओढणीच्या पदराला बांधले. उरलेले एकशे वीस पिशवीत घालून पिशवी त्याच्या गुडघ्याशी सारली.

"जांगड साठाचं होतं. वरचे दलालाचे," ती म्हणाली. "ते घेऊन मी अल्लाच्या घरी नाई जाऊ शकत. तू ठेव. आनि हे भांडंबी घेऊन जाय. हे माहं नाई."

सत्तारनं खूप विनवलं. पाय धरायला वाकला, तिनं पाय मागे घेतले. शेवटी तो भांडं आणि पिशवी उचलून घरी आला. त्या पैशांनी त्यानं काही घेतलं नाही. कोणाला दिलेही नाहीत, कारण द्यायचे तर कशाचे म्हणून द्यायचे, हे सांगावं लागलं असतं.

रमजानची ईद झाली. जैनबबीचं आणि भावाचं जाणं ठरलं. हजला निघणारा माणूस निघायच्या आधी दारोदार जातो आणि आपलं काही बोललं-चाललं असेल ते माफ करा म्हणून सगळ्यांना हात जोडतो. माफ केलं, असं समोरच्यानं म्हणावं लागतं. त्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती घराघरांतून फिरत सत्तारच्या ओट्यासमोर आली. मागे मोहल्ल्यातल्या दहा-बारा बाया, चार म्हातारे. शेजारचा कासारही काम टाकून बघत उभा राहिला. तिनं कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

सत्तार उठून उभा राहिला. त्याला वाटलं, ती हे घर टाळून पुढे जाईल. गेली असती तर बरं झालं असतं.

जैनबबीनं दोन्ही हात जोडले.

"सत्तार," ती म्हणाली, "माह्याकडून तुले काई कमी-जास्त बोललं गेलं असीन, कोनता हक्क राह्यला असीन, तर माफ कर."

त्याला ओट्यावरून उडी टाकून तिच्या पायांवर पडायचं होतं, सगळ्यांसमोर सांगायचं होतं. पण ते सांगणंही तिच्या निघण्याच्या दिवशी तिच्याच डोक्यावर घालण्यासारखं झालं असतं. लोक वाट पाहत होते. एक म्हातारी हसून म्हणाली, "बोल ना रे, बाईले खोळंबून काहून ठेवलं?"

"माफ केलं, खाला," अब्दुल सत्तार म्हणाला.

तिनं मान हलवली आणि कासाराच्या दुकानाकडे वळली.